लाइट दोन दिवस गेली होती, आता फ्रीजचं काय करायचं?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब ओळीने आडवे झाले आणि कित्येक गावांत बरेच दिवस लाइट आली नाही. ती वेळही अशी, की कोकणातले फ्रीज वर्षभरात सगळ्यात जास्त तेव्हाच भरलेले असतात. १ जूनपासून मासेमारी बंद होते, म्हणून मेच्या शेवटी पापलेट, सुरमई, बांगडे साफ करून फ्रीजरमध्ये टाकलेले असतात. शेवटच्या आंब्यांचा रस डब्यांत गोठवलेला असतो. पावसाळ्याची बेगमी म्हणून मटार आणि खवलेलं खोबरंही आत गेलेलं असतं. एवढं सगळं टाकून द्यायला जीव होत नाही. पोट बिघडतं ते नेमकं अशाच वेळी.

वादळ कुठलंही असो, किंवा नुसता ट्रान्सफॉर्मर जळून गाव अंधारात गेलं असो, करायचं तेच असतं. पहिल्यांदाच ही वेळ आली असेल तर खाली दिलेल्या क्रमाने चला.

लाइट गेल्याबरोबर

घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. कॅलेंडरवर लिहा, फ्रीजच्या दारावर कागद चिकटवा, पण लिहा. नंतरचा प्रत्येक निर्णय याच आकड्यावर होणार आहे आणि दुसऱ्या दिवशी घरातला प्रत्येक जण वेगळी वेळ सांगतो.

मग फ्रीजचा प्लग काढा. लाइट परत येताना व्होल्टेज कसंही असतं, आणि लाइनची कामं चालू असताना ती दहा वेळा येते-जाते. त्यात कॉम्प्रेसर जळतो.

दार उघडू नका. बंद फ्रीजचा खालचा भाग साधारण चार तास पुरेसा गार राहतो. स्वतंत्र दार असलेला फ्रीजर गच्च भरलेला असेल तर ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला असेल तर २४ तास. आपल्याकडच्या बहुतेक घरांत एकदारी फ्रीज असतो आणि त्याचा फ्रीजर म्हणजे आतच एक छोटा कप्पा, पातळ प्लास्टिकच्या झडपेचा. त्याला हे ४८ आणि २४ तास लावू नका. तो कप्पा त्याहून बराच लवकर वितळतो, जूनच्या उकाड्यात तर आणखी लवकर.

पावसाळ्याच्या तोंडावर फ्रीजरमध्ये एक छोटी सोय करून ठेवा. वाटीभर पाणी गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. लाइट आल्यावर नाणं वरच असेल तर बर्फ वितळलेला नाही. नाणं तळाशी गेलेलं आणि त्यावर पुन्हा बर्फ जमलेला दिसला, तर आतलं सगळं एकदा पूर्ण वितळून परत गोठलंय. बाहेरगावाहून आल्यावर मधल्या काळात फ्रीजर वितळला होता का हे कळायला एवढाच पुरावा हाती असतो.

वास घेऊन का ठरवायचं नाही

आपल्या घरांत पदार्थाचा वास घेतात, चिमूटभर चाखतात, मग म्हणतात, "ठीक आहे, एक उकळी काढ, चालेल." ही सवय इथे सोडावी लागते, आणि तिची कारणं समजून घेतलीत तर सोडणं सोपं जाईल.

५ अंशांच्या वर गेलेल्या शिजवलेल्या अन्नात जंतू वाढतात. त्यांतले काही वाढताना विष सोडतात. भातात शिजवूनही न मरणारे बीजाणू असतात. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि उलट्या होतील असं विष तयार करतात. आपल्या हातांवरून, नाकातून अन्नात जाणारा स्टॅफिलोकोकस हा दुसरा जंतू. पीठ मळताना, खोबरं खवताना, पनीर कापताना तो अन्नात पोचतो. या दोघांचं विष उकळून जात नाही. उकळीने जंतू मरतात, विष तसंच राहतं. त्याला वास नसतो आणि चवही नसते.

मासळीचं वेगळंच आहे. बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा गरम पडला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. असा बांगडा तळून खाल्ला की काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत तोंड लालबुंद होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. घरात सगळे म्हणतात, मासळीची ॲलर्जी झाली. ती ॲलर्जी नसते, तापलेल्या माशातलं हिस्टामिन असतं, आणि ते तळून, शिजवून किंवा पुन्हा गोठवून नाहीसं होत नाही.

म्हणून दोनच गोष्टी विचारायच्या. हा पदार्थ किती तास गरम होता? आणि हा पदार्थ कोणत्या जातीचा? थर्मामीटर असेल तर उत्तम. फ्रीजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर स्वस्त असतो आणि कामाला येतो. दूध, मांस, मासे, शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर ते टाकायचं.

एक फ्रीज उघडून बघू

समजा, बुधवारी दुपारी एकला लाइट गेली आणि शुक्रवारी सकाळी आठला आली. म्हणजे ४३ तास. एकदारी फ्रीज, फ्रीजर अर्धा भरलेला, बाहेर तीस अंशांच्या आसपास हवा. दार अधूनमधून उघडलं गेलंच असणार.

दार उघडण्याआधी दोन मजबूत पिशव्या, जुनं वर्तमानपत्र आणि रबरी हातमोजे जवळ घ्या. सुरुवात फ्रीजरपासून करा, कारण तिथलं पाणी खाली ठिबकत असतं.

पापलेट आणि बांगडे मऊ पडलेत, पिशवीत तांबूस पाणी साचलंय. दोन्ही टाका. पिशवीच्या मध्यभागी हात लावल्यावर टणक बर्फ लागला असता, किंवा थर्मामीटर ४ अंशांच्या आत दिसला असता, तर मासळी त्याच दिवशी शिजवून खाता आली असती. बर्फाचे कण अजून असतील तर पुन्हा गोठवताही येते, फक्त मासा जरा पिळपिळीत होतो. इथे ४३ तास झालेत आणि कप्पा छोटा आहे, तेव्हा ती आशा नाही. मटण, चिकन, कोळंबी यांनाही हेच लागू.

आंब्याच्या रसाचे डबे बाहेर काढा. रस आंबट असतो, म्हणून मासळीइतका धोक्याचा नाही, पण तो आंबतो. झाकण फुगलेलं असेल, उघडताना फुस्स आवाज आला, वर बारीक बुडबुडे असतील, तर टाका. डब्याच्या मध्यभागी बर्फाचा गोळा असेल तर तो डबा परत गोठवायला हरकत नाही. आपल्या उदाहरणातला रस कोमट पाण्यासारखा झालाय, म्हणून तो जातो. मुलं रडतील, पण एक-दोन डबे ठेवून द्यावेत असा हा रस राहिलेला नाही.

मटार आणि मक्याचे दाणे वितळून गरम झालेत, चिकट लागतात. टाका. खवलेलं ओलं खोबरं टाका. त्यात पाणी आणि स्निग्धता दोन्ही असतात, ते लवकर खराब होतं आणि सुरुवातीला तसं दिसत नाही. आइस्क्रीम वितळलं की ते परत गोठवून खायचं नसतं.

आता खालचा भाग. पिशवीतलं दूध, साय, विरजणासाठी साठवलेली मलई, पनीर, खवा, श्रीखंड, सोलकढी हे सगळं टाकायचं. न उघडलेला टेट्रापॅक मात्र फ्रीजबाहेरच टिकण्यासाठी बनवलेला असतो. तो फुगला नसेल आणि तारीख उलटली नसेल तर राहू द्या.

दह्याबद्दल वाद होतो. लाइट एक रात्र गेली असेल, दही नुसतं आंबलेलं असेल, वर गुलाबी-हिरवट काही नसेल, शेजारच्या कप्प्यातून मासळीचं पाणी ठिबकलं नसेल, तर माझ्या मते त्याची कढी करता येते. ४३ तासांनंतर मी ते ठेवणार नाही. लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस घरात असेल तर एका रात्रीचंही ठेवू नका.

शिजवलेला भात, आमटी, उसळ, भाजी, मळलेली कणीक, इडलीचं किंवा आंबोळीचं पीठ, मोड आलेली मटकी-मूग, कापलेली फळं, चिरलेली भाजी, ओल्या खोबऱ्याची चटणी यांतलं काहीही ठेवायचं नाही. घरी केलेली आलं-लसणाची पेस्टही टाका, विशेषतः वर तेल ओतून ठेवलेली. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू नेमके तिथेच वाढतात. उघडलेलं मेयोनीज टाका.

अंड्यांचं थोडं समजावून सांगायला हवं. दुकानात अंडी बाहेरच असतात, मग फ्रीजमधली का टाकायची, असं विचारतात. एकदा गार झालेलं अंडं गरम हवेत आलं की त्याच्या कवचावर पाणी सुटतं, आणि त्या ओलीतून बाहेरची घाण छिद्रांवाटे आत जाते. दोन दिवस घामेजलेली अंडी मी टाकते. पाण्यात बुडतं की तरंगतं या परीक्षेवर विसंबू नका. तिच्यातून अंडं किती जुनं आहे एवढंच कळतं, आत जंतू आहेत का ते नाही.

आता राहणारं सांगते, कारण घाबरून सगळंच फेकणारेही असतात. लोणचं, मुरांबा, जॅम, टोमॅटो सॉस, व्हिनेगर, कोकमाचं आगळ, चिंच, साजूक तूप, खारवलेलं लोणी, चीजचे न उघडलेले क्यूब हे सगळं ठीक असतं. लोणी वितळून खवट वास मारत असेल तर मात्र गेलं. मसाले, सुकट, पापड, रवा, शेंगदाणे फ्रीजमध्ये फक्त किड्यांपासून ठेवलेले असतात. ते पुसून कोरडे करा, ओल शिरलेली नसेल तर राहू द्या. अखंड फळं, भाज्या, लिंबं, मिरच्या, आलं स्वच्छ धुऊन वापरा. पालेभाजी काळी पडली असेल तर तेवढी काढा.

एक अट या सगळ्याला लागू आहे. मासळीचं किंवा मटणाचं पाणी ज्यावर ठिबकलं असेल ते सुटं अन्न टाकायचंच, मग ते फळ असो की चीज. बंद काचेची बरणी साबणाने धुऊन ठेवता येते.

पुराचं पाणी घरात शिरून फ्रीज बुडाला असेल, तर ही यादी विसरा. त्यातलं काहीही खायचं नाही. हवाबंद पत्र्याचे डबे तेवढे साबणाने धुऊन निर्जंतुक करून ठेवता येतात. आणि मेकॅनिकने तपासल्याशिवाय तो फ्रीज लावायचा नाही.

इन्सुलिन आणि औषधं

औषधं अन्नासोबत फेकू नका. इन्सुलिन न उघडलेलं असतं तेव्हा ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, पण बहुतेक प्रकारची इन्सुलिनं ३० अंशांच्या आत सुमारे २८ दिवस चालतात. नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर असते. लाइट गेली की ते फ्रीजमधून काढून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात, पिशवीत बंद करून सावलीत ठेवा. बर्फाला थेट चिकटवू नका, कारण गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. बाहेर काढल्याची तारीख खोक्यावर लिहा. इतर औषधांबद्दल दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारूनच पुढचा डोस घ्या.

टाकायचं कुठे

मासळी-मटण दुहेरी पिशवीत बांधा. वाडी असेल तर विहिरीपासून लांब, निदान दोन फूट खोल खड्डा करा, अन्न पिशवीतून काढून त्यात टाका आणि वर माती दाबा. उथळ पुरलेलं कुत्री रात्रीत उकरतात. वहाळात किंवा गटारात टाकू नका. कुत्र्या-मांजरांना आणि गुरांनाही घालू नका, हे विष त्यांनाही बाधतं.

आता सफाई

प्लग काढलेलाच असू द्या. कप्पे, भाजीचा ट्रे, दारातल्या पट्ट्या, फ्रीजरखालचा चिल ट्रे सगळं बाहेर काढा. काचेचे कप्पे अजून गार असतील तर त्यांच्यावर गरम पाणी ओतू नका, तडकतात. हवेला येऊ द्या, मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवा.

फ्रीजरमध्ये बर्फाचा थर उरला असेल तर तो आपोआप वितळू द्या. सुरी, उलथणं, स्क्रूड्रायव्हर लावू नका. फ्रीजरच्या भिंतीतच गॅसची नळी असते, तिला छिद्र पडलं की फ्रीज दुरुस्तीच्या पलीकडे जातो. खाली जाड फडकी अंथरा आणि थांबा.

आतली भिंत आधी साबणाच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने पुसा. त्यानंतर लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा विरघळवून पुन्हा पुसा. त्याने आंबूस वास कमी होतो. मासळीचं पाणी सांडलं असेल तर याच्यापुढे निर्जंतुक करणंही लागतं. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा बिनवासाचं ब्लीच घाला, फडकं पिळून पुसा आणि हवेवर वाळू द्या. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, टॉयलेटचं ॲसिड यांतलं काहीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. खिडक्या उघड्या ठेवा.

दाराचं रबर विसरू नका. त्याच्या घड्या बोटाने उलगडून बघा, आत दुधाचे ओघळ आणि काळे ठिपके दिसतील. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासा आणि कोरडं पुसा. नंतर दार बंद करताना एक कागदाची पट्टी मध्ये धरा. पट्टी सहज ओढून निघत असेल तर तिथे रबर सैल झालंय.

इतकं करूनही वास येतो, तेव्हा लोक म्हणतात, फ्रीजच गेला. बहुतेक वेळा वास आतून येत नसतो. फ्रीज भिंतीपासून ओढा आणि मागे खाली, कॉम्प्रेसरच्या वर बघा. तिथे प्लास्टिकची एक उथळ ताटली असते. फ्रीजर वितळला की त्यातलं पाणी आतल्या छोट्या भोकातून नळीने या ताटलीत उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने सुकतं. लाइट नसताना कॉम्प्रेसर थंडच, म्हणून मासळीचं पाणी तिथेच साचून राहतं. वर तपकिरी साय धरलेली, कडेला माशीच्या अळ्या, असं दिसू शकतं. ताटली सुटी होत असेल तर काढून साबण आणि ब्लीचच्या पाण्याने धुवा. पक्की बसवलेली असेल तर फडक्याने पाणी शोषून घ्या आणि पुसा. मग आतल्या भोकातून, सुई काढलेल्या सिरिंजने कोमट सोड्याचं पाणी हळूहळू सोडा. ते खाली उतरलं तर नळी मोकळी आहे. अडलं तर जाड नायलॉनचा दोरा घालून सावकाश मोकळी करा, तार घालू नका.

सगळं पुसल्यावर दार उघडं ठेवून दिवसभर सुकू द्या. लहान मुलं घरात असतील तर दार आपोआप लागणार नाही असं काहीतरी मध्ये बांधा. वास रेंगाळत असेल तर वर्तमानपत्राचे बोळे आणि वाटीत लाकडी कोळशाचे तुकडे आत ठेवून दार बंद करा, दोन दिवसांनी बदला. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये हवा मागच्या पॅनेलमधून फिरते. सांडलेलं पाणी तिथे किंवा भिंतीच्या फोममध्ये मुरलं असेल तर बाहेरून पुसून वास जात नाही. पॅनेल मेकॅनिककडून उघडून घ्यावं लागतं, आणि फोममध्येच मुरलं असेल तर फ्रीज बदलणं आलं.

पुन्हा चालू करताना

लाइट आल्यावर लगेच प्लग लावू नका. आधी एक बल्ब लावून पंधरा मिनिटं बघा. बल्ब कधी मंद तर कधी झगमगता होत असेल, तर वादळात लाइनचा न्यूट्रल सुटलेला असू शकतो. मग व्होल्टेज एकदम चढतं आणि घरातली उपकरणं जळतात. अशा वेळी मेन स्विच बंद करून महावितरणला कळवा.

प्रकाश स्थिर असेल तर फ्रीज रिकामाच चालू करा. मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवा, फ्रीजरमध्ये पाण्याची वाटी. रात्रभर गेल्यावर थर्मामीटर ४ अंशांवर किंवा त्याच्या खाली आला आणि वाटीतलं पाणी गच्च गोठलं, तर नवं दूध आणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी गोठलं नसेल, किंवा कॉम्प्रेसर चालू होताच टक् आवाज करून बंद पडत असेल, तर प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा. गोठलेल्या वाटीत एक रुपयाचं नाणं मात्र ठेवून द्या.